सूर्यचुलीवर भात: आरसा किती, ऊन किती, वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सगळा हिशेब कुठल्या चुलीचा धरला आहे?

घरोघरी दिसणारी पेटीची सूर्यचूल, म्हणजे सुटकेससारखी उघडणारी. आत काळा पत्रा, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला एक आरसा. काच ५० सेंटिमीटर लांब-रुंद, म्हणजे पाव चौरस मीटर, आणि आरसाही तेवढाच. ठिकाण पुणे, दिवस फेब्रुवारीच्या मध्यातला, आकाश स्वच्छ, सावलीतलं तापमान २८ अंश. आत दोन वाटी तांदळाचा भात, चार माणसांना पुरेल एवढा. तुमची पेटी लहान-मोठी असेल किंवा तुम्ही नागपूरला असाल तर आकडे बदलतील, रीत हीच राहील. तव्यासारख्या मोठ्या गोल चुलीबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

भात शिजायला मुळात उष्णता किती लागते?

लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी. दोन वाटी तांदूळ म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम, त्यात ६०० ग्रॅम पाणी, आणि ॲल्युमिनियमचा झाकणासकट ३०० ग्रॅमचा डबा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात, तांदळाला त्याच्या निम्म्याहून कमी आणि ॲल्युमिनियमला साधारण ०.९ ज्यूल. सगळं मिळून हा ऐवज एक अंशाने वर न्यायला ३.३ किलोज्यूल लागतात. पुण्यात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीमुळे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. म्हणजे २८ पासून ७० अंश चढायचं आहे, त्याला २३० किलोज्यूल.

बस, एवढंच. तांदळातला स्टार्च फुगून मऊ होण्याच्या क्रियेला लागणारी उष्णता यात जेमतेम दोन-तीन किलोज्यूलची भर घालते, ती सोडून दिली तरी चालेल. एकदा भात ९५ अंशांच्या वर गेला की त्याला आणखी उष्णता भरायची गरज नसते, तिथेच टिकवून धरायचा असतो. म्हणून सूर्यचुलीवरच्या भाताच्या वेळेचे दोन तुकडे पाडून बघावेत. उकळीपर्यंतचा वेळ आरशावर आणि उन्हावर ठरतो. उकळीनंतरचा वेळ तांदूळ ठरवतो, तिथे दुप्पट ऊन दिलं तरी भात निम्म्या वेळात होत नाही. ही फोड मनात नसली की मोठा आरसा आणूनही वेळ म्हणावा तसा का घटला नाही, याचं कोडं पडतं.

ऊन किती आहे हे घरी कसं मोजायचं?

ऊन मोजायचं माप म्हणजे एका चौरस मीटरवर किती वॅट पडतात. निरभ्र आकाशात सूर्याकडे तोंड करून धरलेल्या पृष्ठभागावर भर दुपारी ९०० ते १००० वॅट पडतात. आडव्या ठेवलेल्या काचेवर त्याहून कमी, कारण किरण तिरके येतात. आपल्या उदाहरणात सूर्य क्षितिजापासून साधारण ५८ अंशांवर आहे आणि आडव्या काचेवर ८०० वॅट पडताहेत. त्यातले सव्वासातशे थेट सूर्याकडून आणि बाकीचे आकाशाच्या उजेडातून.

मोजायचं महागडं उपकरण घ्यायची गरज नाही. मोबाइल चार्ज करायला मिळतं तसलं १० वॅटचं छोटं सोलर पॅनेल आणि इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर पुरतो. पॅनेलच्या मागच्या लेबलवर शॉर्ट सर्किट करंट छापलेला असतो, तो १००० वॅटच्या उन्हाचा असतो. पॅनेल काचेशेजारी आडवं ठेवा, दोन्ही वायर मीटरला जोडून करंट बघा. लेबलवर ०.६ ॲम्पियर असेल आणि मीटर ०.४८ दाखवत असेल तर ऊन ८०० वॅट. हा करंट उन्हाच्या जवळजवळ सरळ प्रमाणात बदलतो, म्हणून ही युक्ती चालते. व्होल्टेज मोजून मात्र काही कळणार नाही, ढगातही ते फारसं उतरत नाही.

तेही नको असेल तर सावली बघा. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि पेटी लावायला वेळ बरी आहे. आणखी एक गोष्ट घड्याळाची. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, त्यामुळे पुण्या-मुंबईत सूर्य बाराला डोक्यावर येत नाही. फेब्रुवारीत पुण्यात खरी मध्यान्ह पाऊण वाजता होते, मुंबईत आणखी चारपाच मिनिटांनी. म्हणून ‘दहा ते दोन’ असं जे सांगतात त्यापेक्षा आपल्याकडे अकरा ते अडीच ही वेळ जास्त चांगली.

आरसा पाव चौरस मीटरचा आहे, म्हणजे तोही काचेइतकंच ऊन देतो ना?

नाही. आरशाचं क्षेत्रफळ आणि आरशाने पकडलेल्या उन्हाचं क्षेत्रफळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसा सूर्याकडे तोंड करून नसतो, तिरका असतो. सूर्याच्या दिशेने पाहिलं तर तो जेवढा रुंद दिसेल तेवढंच ऊन तो पकडतो.

आपल्या उदाहरणात आरसा काचेशी ९९ अंशांवर उघडला आहे आणि सूर्य ५८ अंशांवर. किरण आणि आरसा यांच्यात साधारण ४१ अंशांचा कोन झाला. ४१ अंशांचं साइन साधारण ०.६५. म्हणजे पाव चौरस मीटरच्या आरशाने प्रत्यक्षात ०.१६ चौरस मीटरचं ऊन पकडलं. सूर्याचे थेट किरण ८५० वॅटचे धरले तर १३८ वॅट. काचेचा चांगला आरसा त्यातलं ८५ टक्के परत फेकतो, तेव्हा पेटीच्या काचेवर पोचले ११७ वॅट.

काचेवर सरळ पडलेलं ऊन ८०० गुणिले पाव, म्हणजे २०० वॅट. दोन्ही मिळून ३१७. आरशाने दिलं ते सुमारे साठ टक्के जास्तीचं ऊन.

आरसा उपयोगाचं देतो ते फक्त थेट किरणांचं. धुरकट, पांढुरक्या आकाशात आडव्या काचेला पसरलेला उजेड तरी मिळतो, आरशाची कमाई मात्र पार घसरते. जमिनीवर पडलेल्या सावलीची कड धारदार दिसत नसेल त्या दिवशी आरशावर फार भिस्त ठेवू नका.

आरशाचा कोन किती ठेवायचा?

काच आणि आरसा सारख्याच मापाचे असतील तर सूत्र सोपं आहे: सूर्याच्या उंचीचे दोन तृतीयांश घ्या आणि त्यात ६० मिळवा. सूर्य ५८ अंशांवर असेल तर साधारण ९९. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात मध्यान्हीचा सूर्य ४८ अंशांवर असतो, तेव्हा ९२. मेच्या मध्याला, शून्य सावलीच्या दिवसांत, तो नेमका डोक्यावर येतो तेव्हा १२०.

कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. आरशाच्या वरच्या कडेचा कवडसा पेटीच्या काचेच्या पुढच्या कडेवर बरोबर आला की कोन जमला. कवडसा पुढे अंगणात सांडत असेल तर आरसा थोडा मिटा, काचेच्या निम्म्यातच संपत असेल तर उघडा. बाजूला सांडत असेल तर अख्खी पेटी फिरवा.

मध्यान्हीच्या आसपास सूर्याची दिशा झपाट्याने सरकते. फेब्रुवारीत तासाला साधारण २८ अंश, म्हणून दर अर्ध्या तासाला एकदा पेटी वळवावी. मेमध्ये तर सकाळी पूर्वेकडे तोंड केलेली पेटी दुपारी पश्चिमेकडे करावी लागते, आणि हा पालट मध्यान्हीच्या थोड्या वेळात होतो. सकाळी दक्षिणेकडे तोंड करून ठेवली आणि ऑफिसला गेलो, हे थंडीत कसंबसं खपतं, उन्हाळ्यात नाही.

काचेवर ३१७ वॅट पडले, मग भाताला किती मिळतात?

इथे खरी गोम आहे. दुहेरी काचेतून जाताना आणि काळ्या पत्र्यात शोषलं जाताना साधारण तीस टक्के गळतं. उरले २२२ वॅट. आरसा नसता तर २०० चे १४० झाले असते.

आता पेटी तापली की ती बाहेरही उष्णता सोडू लागते, मुख्यतः काचेतून. बऱ्या पेटीत पत्रा बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश गरम, तितक्या अंशांना प्रत्येकी १.४५ वॅट याप्रमाणे गळती धरा. हे गळक्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे: पातळी चढेल तशी गळती वाढते.

भात अर्ध्या वाटेवर, म्हणजे बाहेरपेक्षा ३५ अंश गरम असताना गळती ५१ वॅट. आरशासकट शिल्लक १७१, आरशाशिवाय ८९. उकळीजवळ, ७० अंशांचा फरक असताना, गळती १०१ वॅट. आरशासकट शिल्लक १२१, आरशाशिवाय फक्त ३९.

या शेवटच्या दोन आकड्यांकडे नीट बघा. आरशाने ऊन साठ टक्केच वाढवलं, पण उकळीजवळ हातात उरणारी उष्णता तिप्पट झाली. गळती दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे वरून आलेला प्रत्येक जादा वॅट जवळजवळ निव्वळ नफ्यात जातो. साठ अंशांपर्यंत आरशाविनाही पेटी बरी चालते, पुढे मात्र ती रेंगाळते.

मग भाताला वेळ किती लागेल?

वरच्या आकड्यांनी नुसता कागदी हिशेब केला तर आरशासकट उकळी २३ मिनिटांत यायला हवी. प्रत्यक्षात ४० लागतात. कारण भाताबरोबर पत्रा, आतली काच आणि भिंतींमधली काचलोकर हेही तापवावं लागतं, आणि पत्र्यातून डब्यात उष्णता जायला वेळ लागतो. डब्याचा तळ पत्र्यावर सपाट टेकला नसेल तर हा वेळ आणखी वाढतो. चेपलेल्या बुडाचा डबा या कामाला घेऊ नये.

आरसा झाकून तीच पेटी तोच भात उकळीला आणायला साधारण ८५ मिनिटं घेते.

त्यानंतर मुरवण्याचा तुकडा. अर्धा तास भिजवलेला कोलम किंवा आंबेमोहर असेल तर उकळीनंतर २५ मिनिटं पुरतात, न भिजवलेल्याला दहाएक मिनिटं जास्त. तांदळातला स्टार्च ७० अंशांच्या पुढे फुगायला लागतो, म्हणजे शिजणं उकळीच्या आधीच सुरू झालेलं असतं. सूर्यचुलीत त्या पट्ट्यातून भात सावकाश जात असल्यामुळे शेवटचा तुकडा थोडा आखडतोही.

थोडक्यात, फेब्रुवारीच्या स्वच्छ दुपारी आरशासकट एक तास पाच-दहा मिनिटं, आरशाविना पावणेदोन ते दोन तास. रिकामी पेटी आधी अर्धा तास उन्हात तापवून ठेवली तर दहा मिनिटं तरी वाचतात, कारण पत्रा आणि काच तोवर त्यांचा वाटा घेऊन बसलेले असतात.

चारऐवजी आठ माणसांचा भात ठेवला तर उकळीपर्यंतचा वेळ दुप्पट होत नाही, थोडा कमीच वाढतो, पेटी तर तेवढीच तापवायची असते. मुरवण्याचा वेळ तसाच राहतो. हा भात दोन डब्यांत विभागून ठेवा. पत्र्याला टेकणारं बूड दुप्पट होतं.

चार वाजता ऊन चांगलं कडक वाटत होतं, तरी भाताला उकळीच आली नाही. असं का?

कारण पेटीला उंबरठा आहे. ऊन जितकं कमी, तितक्या खालच्या तापमानाला आवक आणि गळती सारखी होते आणि पेटी तिथेच थांबते. आपल्या पेटीला आरशाविना बाहेरपेक्षा ७० अंश वर जायचं तर काचेवर साधारण ५८० वॅटचं ऊन लागतं. पावणेचार वाजता फेब्रुवारीत ५०० च्या आसपास उरलेलं असतं. तेवढ्यात पत्रा जास्तीत जास्त ६० अंश वर चढेल, म्हणजे ९० च्या आत-बाहेर. पाच तास ठेवा नाहीतर सहा, त्यापुढे जाणार नाही.

आरशामुळे हा उंबरठा ओलांडता येतो, पण दुपारी उशिरा सुरुवात केली तर भात चढत असताना सूर्य उतरत असतो. तीनच्या पुढे ताजा भात लावणं म्हणजे जुगार. आधीच उकळलेला भात मुरवत ठेवायला मात्र चारचं ऊन चालतं.

आपल्या अंगाला कडक वाटणारं ऊन आणि काचेवर पडणारं ऊन यांत गल्लत होते ती यामुळेच: चारला आपण उभे असतो आणि सूर्य समोरून मारतो, काच आडवी पडलेली असते. पेटीच्या मागच्या बाजूला विटा लावून ती सूर्याकडे कलती केली तर हिवाळ्यात बराच फायदा होतो. डबे घसरणार नाहीत एवढं बघा.

आरसे वाढवले तर? किंवा मोठा आरसा, किंवा चांदीचा कागद?

एकच आरसा लांब केला तर फायदा पटकन आटतो. काचेइतका लांब आरसा योग्य कोनात असताना त्याचा कवडसा काच पूर्ण भरतो. त्यापुढची लांबी वाया जाऊ नये तर कोन मिटवावा लागतो, आणि मिटवला की आरसा सूर्याकडून अरुंद दिसायला लागतो.

बाजूंना आरसे लावणं जास्त उपयोगाचं. ते मध्यान्हीला थोडी भर घालतात आणि पेटी वळवायचं राहिलं तरी सांभाळून घेतात. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या दशकात मुंबईत आठ आरशांची अष्टकोनी चूल केली होती. जानेवारीत सात सैनिकांचं मांस-भाजीचं जेवण तीवर दोन तासांत शिजत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. मात्र आरसे जितके जास्त, तितकी वाऱ्याची भीती जास्त. गच्चीवर ही सर्कस सांभाळायची तयारी नसेल तर एक आरसा आणि अर्ध्या तासाला एक फेरी हेच बरं.

स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ऊन परत फेकायला काचेच्या आरशाच्या तोडीची असते. अडचण सुरकुत्यांची: किरण भलतीकडे जातात. गुळगुळीत पुठ्ठ्यावर खळीने ताणून चिकटवली तर चालते, नाहीतर निम्मं ऊन भिंतीला.

पाणी गॅसवरच्या भाताएवढंच घालायचं का?

कमी घालायचं. पेटीत खळखळून उकळत नाही, वाफ फारशी जात नाही, म्हणून जेवढं घालाल तेवढं भातातच मुरतं. दोन वाटी जुन्या तांदळाला सव्वातीन वाटी पाणी, नव्याला तीन. इंद्रायणीला तीनपेक्षाही थोडं कमी, नाहीतर गिचका. पाणी सकाळपासून उन्हात ठेवलेल्या काळ्या डब्यातलं, ४५-५० अंशांचं घेतलंत तर २३० मधले पन्नासएक किलोज्यूल आधीच फुकट मिळतात.

आतल्या काचेवर पाण्याचे थेंब जमतात. त्याने बिघडतं काय?

खूप बिघडतं, आणि वेळ लागण्याचं हे सगळ्यांत दुर्लक्षित कारण आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २.२६ किलोज्यूल लागतात. म्हणजे डब्यातून फक्त १०० ग्रॅम पाणी, जेमतेम अर्धी वाटी, वाफ होऊन गेलं तर २२६ किलोज्यूल गेले. अख्खा भात उकळीला आणायला लागले होते तेवढेच! वर ती वाफ काचेवर थेंब होऊन बसते आणि येणारं ऊन अडवते.

डब्याचं झाकण घट्ट बसतं का ते बघा. सैल असेल तर कणकेची वात लावून बंद करा, दमच्या बिर्याणीला लावतात तशी. मधूनमधून पेटी उघडून झाकण काढून ‘झालाय का’ बघण्याची सवयही इथेच नडते. नुसती पेटी दोन-तीन मिनिटं उघडली तर ती भरून काढायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, डब्याचं झाकण काढलं तर वाफेचा तोटा वेगळा.

माझी पेटी नीट चालतेय की नाही, कसं ओळखू?

भारतीय मानक आयएस १३४२९ मध्ये यासाठी एक सरळ चाचणी आहे आणि तिची घरगुती आवृत्ती सहज करता येते. आरसा कापडाने झाका. रिकामी पेटी मध्यान्हीच्या आसपास उन्हात ठेवा. ओव्हनमध्ये वापरायचा किंवा तारेचा थर्मामीटर आतल्या पत्र्याला टेकवून ठेवा. तापमान चढायचं थांबलं की त्यातून सावलीतलं तापमान वजा करा आणि त्या वेळच्या उन्हाच्या वॅटने भागा.

ऊन ८५०, सावलीत ३०, पत्रा १३२ वर थांबला. १०२ भागिले ८५० म्हणजे ०.१२. मानकाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या पेटीला एवढं यावं लागतं, दुसऱ्या श्रेणीला ०.११. तुमचं उत्तर ०.०९ आलं तर पत्रा १०६ च्या आसपासच थांबेल. भाताला उकळी येईल, पण रडतखडत.

उत्तर कमी आलं तर आधी काचेच्या चौकटीची रबरी पट्टी बघा. वाळून कडक झालेली असते किंवा कोपऱ्यात सुटलेली. एक कागदाचा कपटा चौकटीत धरून झाकण लावा, कपटा सहज ओढता आला तर तिथून गरम हवा निघतेय. मग दोन काचांमधली धूळ आणि ओल. आणि शेवटी काचलोकर: पावसाळ्यात भिजून दबली असेल तर ती उष्णता अडवायचं सोडून शोषत बसते. पत्र्याचा काळा रंग करडा पडला असेल तर बिनचमकीचा काळा रंग परत मारा आणि रिकामी पेटी दोन दिवस उन्हात तापवा, वास जाईपर्यंत आत अन्न ठेवू नका.

गोल तव्यासारख्या मोठ्या सूर्यचुलीवर भात दहा मिनिटांत होतो म्हणतात. खरं आहे?

उकळी दहा मिनिटांच्या आत येऊ शकते, हे खरं. भात होतो, हे नाही.

आपल्याकडे एसके-१४ नावाने ओळखली जाणारी चूल १.४ मीटर व्यासाची असते. तिचा पत्रा दोन चौरस मीटरहून थोडा जास्त लागतो, कारण ती खोल आहे. ऊन मात्र पकडतं ते तोंडाचं क्षेत्रफळ, १.५४ चौरस मीटर. विकत घेताना कोणी पत्र्याचं क्षेत्रफळ सांगून शक्ती फुगवत असेल तर हे लक्षात ठेवा. ८५० वॅटच्या थेट उन्हात तोंडावर १३०० वॅट पडतात. पत्र्याची चमक, नेम आणि भांड्याचा काळेपणा यांत कपात होऊन साडेआठशे भांड्यात शिरतात, त्यातले दोनशेच्या आसपास उघड्यावरचं भांडं वाऱ्याला देऊन टाकतं. हाताशी सहा-साडेसहाशे वॅट. २३० किलोज्यूलला सहा-सात मिनिटं, पत्रा धुळकट असेल तर दहा.

पण उकळीनंतर? भाताला आता टिकवण्यापुरती उष्णता हवी आणि चूल ६०० वॅट ओततच राहते. या शक्तीने मिनिटाला १६ ग्रॅम पाणी उडतं. वीस मिनिटांत ३२० ग्रॅम, घातलेल्याच्या निम्म्याहून जास्त. खाली भात लागतो, वर कच्चा राहतो. म्हणून या चुलीवर उकळी आली की भांडं उतरवून गोधडीत गच्च गुंडाळून अर्धा तास ठेवावं, किंवा सरळ प्रेशर कुकर वापरावा. दर पंधरा-वीस मिनिटांनी नेम लावावा लागतो आणि काळा गॉगल हवाच. झगझगीत पत्र्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये, आणि काम झालं की चुलीचं तोंड उन्हाकडून फिरवून कापड टाकावं. धुरकट दिवशी ही चूल पेटीपेक्षा जास्त रुसते, कारण तिला थेट किरणांखेरीज काही चालत नाही.

शिर्डीच्या प्रसादालयावरच्या ७३ तबकड्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या, ही वेगळी गोष्ट. तिथे उन्हाने वाफ तयार होते आणि शिजतं ते वाफेवर, म्हणून करपण्याचा प्रश्नच येत नाही.

एवढं करून गॅस किती वाचतो?

नुसता भात उकळीला आणायचा तर गॅसवर ८-९ ग्रॅम लागतात, मुरवण्यासकट थोडे जास्त. केवळ भातासाठी सूर्यचूल लावणं हिशेबात बसत नाही, शेजारच्या डब्यांत तूरडाळ आणि भिजवलेले हरभरे ठेवले की बसतं. त्यांना गॅसवर खूप वेळ लागतो आणि पेटीत ते त्याच उन्हात होतात. जागा असतेच. फक्त भाताचा वेळ काढताना त्यांचंही वजन धरा.

मध्येच ढग आला तर भात टाकून द्यायचा का?

दहा मिनिटांच्या ढगाने काही होत नाही. भात दहाएक अंश उतरतो आणि पुन्हा चढतो. पेटी मात्र उघडू नका, ऊन नसताना आरसा मिटून काचेवर झाकण टाकलं तर आणखी बरं.

आभाळ भरूनच आलं तर थर्मामीटर डब्यात खुपसून बघा. भात ८५ च्या वर पोचून गेला असेल तर पेटीवर चादर टाकून तिथेच मुरू द्या, बहुतेक वेळा होऊन जातो. त्याखाली अडकला असेल तर वाट बघत बसू नका, लगेच गॅसवर घेऊन पुरा करा. अर्धवट शिजलेला भात ६० अंशांच्या खाली तासन् तास कोमट राहिला तर तांदळात मुळातच असणारे बॅसिलस सेरियस हे जिवाणू वाढतात. त्यांचं एक विष पुन्हा उकळूनही मरत नाही. दुपारी लावलेला, ऊन गेल्यामुळे संध्याकाळपर्यंत पेटीत कोमट पडून राहिलेला भात फोडणी देऊनही खाऊ नये.